औषध आत्ता द्यायचं की राखून ठेवायचं?

२०१३ साली आलेल्या 'बायोशॉक इन्फिनिट' या गेममध्ये ऐन चकमकीत एलिझाबेथ खेळाडूकडे काडतुसं फेकते, औषध फेकते. ती खेळाडूला हवीशी वाटते, कारण मदत वेळेवर येते. ही वेळ साधायची कशी, हा गेम लिहिणाऱ्यांचा जुना प्रश्न आहे.

एक वाट बिहेविअर ट्रीची. २००४ च्या 'हेलो २'मुळे ती गेमच्या धंद्यात रुळली. झाडाच्या फांद्यांवर प्रश्न क्रमाने मांडलेले असतात. खेळाडूची हेल्थ तिसाच्या खाली आहे? औषध दे. नाही? शत्रू दिसतोय? गोळी झाड. तेही नाही? मागे मागे चल. सोबती चुकला तर कुठल्या फांदीवर चुकला ते लगेच सापडतं, आणि हे सुख मोठं आहे. पण हेल्थ ३१ असताना तीन शत्रूंनी घेरलं तरी हा गडी ढिम्म. उलट २९ असताना लढाई जवळजवळ संपलेली असली तरी शेवटचं औषध देऊन मोकळा.

दुसरी वाट गुणांची, म्हणजे युटिलिटी स्कोअरिंग. प्रत्येक कृतीला शून्य ते एक असे गुण द्यायचे आणि सर्वाधिक गुणांची कृती करायची. समजा हेल्थ शंभरातली ३५ उरली आहे. तूट ०.६५, तिचा वर्ग केला की गरज ०.४२. वर्ग एवढ्यासाठी, की किरकोळ जखमेला किंमत राहू नये. तीन शत्रू अंगावर आलेत, म्हणून धोका १. औषध एकच उरलंय, म्हणून हात आखडता: ०.७. गुणाकार ०.२९. गोळी झाडण्याचे गुण ०.२५ असतील तर औषध मिळतं. शत्रू एकच आणि लांब असेल, धोका ०.३ असेल, तर तोच गुणाकार ०.०९ वर येतो आणि औषध पिशवीतच राहतं.

आता खोड. गोळीचे गुण ०.२८ झाले की दोन्ही कृती घासाघाशीत येतात. सोबती औषध घेऊन दोन पावलं धावतो, वळून बंदूक रोखतो, पुन्हा धावतो. अशा वेळी त्याच्या डोक्यावर गुण छापून पाहावेत. आकडे एकमेकांना ओलांडताना दिसतात. उपाय सोपा: चालू कृतीला थोडे जादा गुण द्यायचे. गुणाकाराचा दुसरा सापळा छुपा आहे. ०.९ चे तीन घटक जोडले तरी ०.७३ च उरतात, म्हणजे जास्त बारकाईने तोललेली कृती विनाकारण हरते.

माझा कौल मिश्रणाला. खेळाडू आडवा पडला तर आधी त्याला उठवायचं, संवाद चालू असताना बंदूक काढायची नाही, असे नियम झाडाच्या शेंड्यावर ठेवावेत. तिथे गुणांची घासाघीस नको. औषध, काडतुसं की गोळी एवढंच खाली एका फांदीत गुणांवर सोडावं.