वाकल्यावर थोडं थांबायचं

परदेशात वाढणाऱ्या मुलाला आपण विमानतळावरून घरी जाताना गाडीत सांगतो, 'आजीच्या पाया पड हं.' मूल वाकतं, कुठंतरी गुडघ्याला हात लावतं आणि पळतं. आजी 'सुखी राहा' म्हणेपर्यंत ते आतल्या खोलीत पोचलेलं असतं. त्याचा यात दोष नाही. नमस्कार दोघांचा असतो, आणि आपण त्याला निम्माच शिकवलेला असतो.

समजा, न्यू जर्सीत वाढलेली आठ वर्षांची मुलगी दिवाळीला साताऱ्याला येते आहे. निघण्याआधी बाबांनी खुर्चीत बसून आजी व्हावं आणि तालीम घ्यावी. चपला काढायच्या, समोर उभं राहायचं, 'आजी, नमस्कार करते' म्हणायचं. वाकून दोन्ही हात पावलांना लावायचे. उजवा हात त्यांच्या उजव्या पावलाला, डावा डाव्याला, अशी जुनी पद्धत आहे. त्यात हातांची फुली होते आणि मुलांना ते आवडतं. पण नाही जमलं तरी अडत नाही. मग सावकाश उठायचं आणि तिथंच थांबायचं. डोक्यावर हात येईल, 'खूप मोठी हो' असं काही ऐकू येईल. तेव्हा वर बघून हसायचं. उत्तर द्यावं लागत नाही.

गोंधळ होतो तो 'अगं राहू दे, राहू दे'पाशी. समोरचा नको म्हणाला की थांबायचं, हे मुलं शाळेत शिकलेली असतात, आणि ते योग्यच आहे. म्हणून खूण सांगावी: तोंडानं 'राहू दे' पण पाय जागेवर, तर वाक, पाय मागे घेतले किंवा खांद्याला धरून उठवलं, तर थांब. कोणी आडवं पडलं असेल तर त्यांना उठून बसू द्यायचं. झोपलेल्या माणसाच्या पाया पडत नाहीत.

'मी काही चुकले का?' हा प्रश्न येतोच. त्याला सरळ उत्तर द्यावं: 'नाही, ही माफी नव्हे. आपण आशीर्वाद मागतोय. मीही आजीच्या पाया पडतो.' आणि बाबांनी खरंच आधी वाकावं. मुलं बघूनच शिकतात.

सगळ्यांच्या पाया पडायचं नसतं. शेजारचे काका, आईची मैत्रीण, दुकानदार यांना छातीपाशी हात जोडून, मान किंचित लववून 'नमस्कार' पुरतो. बुजऱ्या मुलाला आजी-आजोबांपुढेही हीच मुभा द्यावी. चारचौघांत मान धरून वाकवलं की मूल नमस्काराचाच राग धरतं. नातेवाइकांना आधीच फोनवर सांगून ठेवावं, 'ती हात जोडेल, तुम्ही डोक्यावर हात ठेवा.' भाऊबीजेपर्यंत ती आपणहून वाकली तर छानच, नाहीतर पुढच्या सुट्टीत बघू.