अडलेल्या पैशांचे पत्र

ग्राहकाने पेमेंट गेटवेमार्फत पैसे भरले की ते विक्रेत्याच्या खात्यात पोहोचले, असा सर्वसाधारण समज असतो; प्रत्यक्षात ते आधी तो गेटवे चालवणाऱ्या मध्यस्थ कंपनीने अनुसूचित बँकेत उघडलेल्या एस्क्रो खात्यात, म्हणजे केवळ ठरलेल्या कारणांसाठीच रक्कम काढता येईल अशा राखीव खात्यात, जमा होतात आणि कराराने ठरलेल्या मुदतीनंतर शुल्क वजा होऊन विक्रेत्याकडे वळते होतात. या वळते होण्याला व्यवहारात सेटलमेंट म्हणतात. ते थांबले, की विक्री झालेली दिसते, ग्राहकाच्या खात्यातून पैसे गेलेले असतात आणि विक्रेत्याचे बँकखाते मात्र रितेच राहते.

देवगड तालुक्यातील एका आंबा बागायतदाराच्या घरी हा अनुभव ऐन एप्रिलमध्ये आला. तेथील ऑनलाइन विक्रीचा हिशेब घरातील सून पाहते, आणि तिचे टेबल पेंढ्यात आंबे पिकत घातलेल्या अढीच्या खोलीतच असल्यामुळे पिकू लागलेल्या हापूसचा वास त्या साऱ्या पत्रव्यवहारावर पसरलेला असतो. ६ ते ९ एप्रिल या काळात दोन डझनांच्या १४० पेट्यांची, प्रत्येकी १,८०० रुपयांनी, आगाऊ नोंदणी झाली, म्हणजे एकूण २,५२,००० रुपये जमा झाले. त्यातून करारानुसार २ टक्के शुल्क, ५,०४० रुपये, आणि त्या शुल्कावरील १८ टक्के जीएसटी, ९०७ रुपये २० पैसे, वजा जाता २,४६,०५२ रुपये ८० पैसे यायला हवे होते. मुदत दोन कामकाजाच्या दिवसांची होती. दुसरा शनिवार, रविवार आणि १४ एप्रिलची सुट्टी वगळूनही १६ तारखेपर्यंत रक्कम आली नाही, आणि विचारणेवर ‘४८ तासांत उत्तर मिळेल’ एवढेच कळत राहिले. ते ४८ तास संपले की पुन्हा नवे ४८ तास सुरू होत, आणि पेट्या भरणाऱ्या गड्यांची मजुरी मात्र रोज संध्याकाळी द्यावी लागे.

तिच्या पत्राचा पहिला खर्डा संतापाचा होता, आणि तो संताप रास्त असला तरी मदतकेंद्रातील माणसाला त्यातून करण्याजोगे काही मिळत नव्हते. दुसरा खर्डा लिहिताना तिने आधी एक भेद स्पष्ट केला. सेटलमेंट बँकेकडे रवाना झाले असेल, तर त्याला यूटीआर क्रमांक, म्हणजे बँकांमधील त्या हस्तांतराची ओळखखूण, मिळतो आणि मग शोध बँकेत घ्यायचा असतो. तो क्रमांकच निघाला नसेल, तर रक्कम गेटवेनेच अडवली आहे. तिच्या पडद्यावर क्रमांक नव्हता. म्हणून पत्रात विक्रीच्या तारखा, सर्वात जुन्या अडलेल्या व्यवहाराचा क्रमांक आणि येणे रक्कम देऊन तिने एकच प्रश्न विचारला: ही रक्कम जोखीम-तपासणीसाठी थांबवली आहे काय, आणि तसे असल्यास कोणती कागदपत्रे हवीत?

अडवणुकीचे कारण तर्काने ओळखता येण्याजोगे होते. वर्षातले बहुतेक महिने निपचित पडलेल्या खात्यावर चार दिवसांत १४० नोंदण्या येणे आणि माल नंतर पोहोचणे, हे आंब्याच्या हंगामाचे नैसर्गिक रूप आहे. पण आगाऊ पैसे गोळा करून पसार होणाऱ्या भामट्याच्या खात्याचा आलेखही नेमका असाच दिसतो. माल न मिळालेल्या ग्राहकाने कार्डाच्या बँकेकडून पैसे परत मागितले, ज्याला चार्जबॅक म्हणतात, आणि विक्रेता सापडला नाही, तर भुर्दंड मध्यस्थावर पडण्याचा धोका असतो. तेव्हा तपासणीला हरकत नाही. हरकत आहे ती कारण न सांगता थांबवण्याला, कारण नासणारे फळ विकणाऱ्याला मौनाची किंमत रोजच्या रोज मोजावी लागते.

यावर उपयोगी पडला तो पोहोच-पुरावा. रिझर्व्ह बँकेच्या मार्च २०२०च्या मूळ मार्गदर्शक तत्त्वांत, माल पोहोचवण्याची जबाबदारी विक्रेत्याची असल्यास पोहोच झाल्याच्या दुसऱ्या दिवसापर्यंत सेटलमेंट करावे, मात्र परताव्याची मुदत संपेपर्यंत रक्कम राखण्याचे करारात असल्यास त्या मुदतीच्या दुसऱ्या दिवसापर्यंत करावे, असे सांगितले होते. तिने म्हणून गेल्या हंगामातील याच आठवड्यांची विक्री, बिले आणि कुरिअरच्या पावत्या जोडल्या, पोहोचलेल्या पेट्यांपुरती तरी रक्कम सोडावी अशी मागणी केली आणि पत्राची प्रत कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याला, म्हणजे तक्रारींसाठी नेमलेल्या जबाबदार व्यक्तीला, पाठवली.

उत्तर याही वेळी ४८ तासांत आले नाही. आले तेव्हा पोहोचलेल्या ९६ पेट्यांची रक्कम मोकळी झाली होती आणि झाडावरून अजून उतरायच्या किंवा वाटेत असलेल्या ४४ पेट्यांची पोहोच कळवण्यास सांगितले होते. कोणत्या नियमामुळे खाते अडले, हे त्या उत्तरातही नव्हते. आता ती प्रत्येक नोंदणीसमोर कुरिअरचा क्रमांक त्याच दिवशी लिहिते, आणि हंगाम सुरू होण्याआधीच अपेक्षित विक्रीचा आकडा गेटवेला कळवून ठेवायचे तिने ठरवले आहे.