दाबकेंद्र शोधणारा तराजू

इंजिनिअरिंग कॉलेजच्या फ्लुइड मेकॅनिक्स लॅबमध्ये एक छोटी पारदर्शक टाकी असते. तिच्या काठावर धारेवर टेकलेली आडवी दांडी असते, दांडीच्या एका टोकाला वजनांचे पारडे आणि दुसऱ्या टोकाला मागेपुढे सरकणारा प्रतिभार. दांडीखाली पाव कड्याच्या आकाराचा एक जाड ठोकळा लोंबतो. वर्षातून एकदा प्रॅक्टिकलपुरते हे यंत्र बाहेर निघते, रीडिंग जर्नलमध्ये उतरतात आणि ते पुन्हा कपाटात जाते. पण उभ्या भिंतीवर पाणी किती जोराने रेटते आणि तो रेटा नेमका कुठे लागतो, हे दोन्ही प्रश्न एकाच वजनमापात सोडवणारे इतके नेटके साधन मला दुसरे माहीत नाही.

त्याची सगळी हुशारी ठोकळ्याच्या आकारात आहे. पाणी कुठल्याही पृष्ठभागाला काटकोनातच दाबते. ठोकळ्याच्या वरच्या आणि खालच्या वक्र बाजू अशा वर्तुळांच्या कंसांत कापलेल्या असतात, की त्यांचा मध्य दांडीच्या धारेवरच येतो. त्यामुळे या वक्र बाजूंवरचा प्रत्येक दाब धारेतून जातो आणि दांडी फिरवू शकत नाही. डावीउजवीकडच्या सपाट बाजूंवरचे दाब एकमेकांना खोडतात. उरतो तो ठोकळ्याचा उभा, सपाट, आयताकृती चेहरा. दांडी आडवी असताना हा चेहरा बरोबर धारेखाली उभा असतो. दांडीला फिरवतो तो फक्त त्याच्यावरचा रेटा, आणि पारड्यातली वजने तोलतात तीही त्याच रेट्याला.

एक रीडिंग पूर्ण करून पाहू. नेहमीच्या एका यंत्राची मापे घ्या: चेहऱ्याची रुंदी ७.५ सेंमी, उंची १० सेंमी, त्याची तळकड धारेच्या २० सेंमी खाली आणि पारडे धारेपासून २७.५ सेंमीवर. पाणी तळकडेच्या वर ९ सेंमीपर्यंत भरले आहे. पृष्ठभागावर पाण्याचा दाब शून्य असतो आणि दर सेंटिमीटर खोलीला चौरस सेंटिमीटरमागे एक ग्रॅमभार वाढत जातो. म्हणजे तळकडेशी दाब ९, वर ० आणि सरासरी ४.५. भिजलेले क्षेत्रफळ ७.५ गुणिले ९, म्हणजे ६७.५ चौरस सेंमी. एकूण रेटा सुमारे ३०४ ग्रॅमभार.

पहिला प्रश्न इतका सोपा आहे. दुसऱ्या प्रश्नात मुले अडकतात. सरासरी दाब मधल्या खोलीवर असतो, मग रेटाही मध्यावरच लागत असणार, असे वाटते. चेहऱ्याच्या आडव्या पट्ट्या पाडून बघा. वरची पट्टी जवळजवळ काहीच ढकलत नाही, तळाची पट्टी सर्वांत जास्त. भिजलेल्या उंचीचा वरचा अर्धा भाग एकूण रेट्याचा फक्त चौथा हिस्सा देतो आणि उरलेले तीन हिस्से खालचा अर्धा भाग. दाबाची आकृती काढली तर टोक वर आणि पाया तळाशी असलेला त्रिकोण मिळतो. त्रिकोणाचा गुरुत्वमध्य पायापासून एकतृतीयांश उंचीवर असतो, म्हणून सगळ्या रेट्याचे दाबकेंद्रही तळापासून एकतृतीयांशावर येते. आपल्या उदाहरणात ते तळकडेच्या ३ सेंमी वर, म्हणजे धारेपासून १७ सेंमी खाली आहे. ३०४ ला १७ ने गुणून २७.५ ने भागा, पारड्यात १८८ ग्रॅम लागतील.

रेटा मध्यावर लागत असता तर हात १५.५ सेंमीचा झाला असता आणि पारड्यात १७१ ग्रॅमच पुरले असते. या १७ ग्रॅमांच्या फरकात यंत्राचा सगळा निवाडा आहे. साध्या वजनांनी तो दिसतो, त्याला पुस्तकाची साक्ष लागत नाही.

मात्र खोली काळजीने वाचायला हवी. ९ सेंमीवर एका मिलिमीटरची चूक झाली तर उत्तर सुमारे ४ ग्रॅमने हलते, पण निवाडा टिकतो. पाणी २ सेंमीच असेल तर पारड्यात जेमतेम साडेदहा ग्रॅम लागतात आणि तीच मिलिमीटरची चूक जवळपास दहा टक्के होते. म्हणून कमी खोलीच्या रीडिंगवरून दाबकेंद्राबद्दल काही बोलू नये. टाकी रिकामी असतानाच प्रतिभार सरकवून दांडी आडवी करावी लागते, आणि त्याआधी पायाच्या स्क्रूंनी टाकी समतल. ठोकळ्याच्या पाण्याबाहेरच्या भागावर थेंब राहिले तर तेही तोलात येतात. सगळी रीडिंग एकाच बाजूला चुकत असतील तर दोष बहुधा या सुरुवातीच्या तोलात असतो. वरखाली विखुरलेली असतील तर खोली वाचण्यात.

पाणी चेहऱ्याच्या वरच्या कडेच्याही वर गेले की त्रिकोणाचा समलंब होतो आणि एकतृतीयांशाचा नियम सुटतो. १६ सेंमी पाण्यात दाबकेंद्र चेहऱ्याच्या मध्यापासून फक्त पाऊण सेंटिमीटर खाली राहते. जितके खोल जावे तितके ते मध्याकडे सरकते, कारण वरच्या आणि खालच्या कडेवरच्या दाबांतला फरक तोच राहतो आणि एकूण दाबाच्या मानाने किरकोळ होत जातो.

भिंतीच्या पट्ट्या पाडून बेरीज करण्याची ही वाट जुनी आहे. सिमॉन स्टेविन या फ्लेमिश गणितज्ञाने १५८६ मध्ये पाण्याच्या भारावर पुस्तक लिहिले आणि त्यात उभ्या भिंतीवरचा रेटा याच रीतीने मोजला. तेव्हा कलनशास्त्र जन्मायचे होते.

आता हेच गणित सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीत न्या. अशा टाकीचे पुष्कळदा दोन कप्पे करतात, म्हणजे एक धुताना दुसऱ्यातून पाणी चालू राहते. मधली भिंत ४ मीटर लांब, पाणी ३ मीटर खोल. एक कप्पा भरलेला, दुसरा रिकामा. तळाशी दाब चौरस मीटरला ३ टन, सरासरी दीड टन, क्षेत्रफळ १२ चौरस मीटर. एकूण रेटा १८ टन आणि तो तळापासून १ मीटरवर. भरलेला कप्पा भिंतीमागे एक मीटर पसरलेला असो की दहा मीटर, हा आकडा बदलत नाही. ठरवते ती खोली. पाणी दीड मीटरवर उतरले तर रेटा चौथा हिस्सा, साडेचार टन होतो आणि हातही अर्धा होतो. त्यामुळे पायथ्याशी भिंत उलथवणारे आघूर्ण आठव्या हिस्स्यावर येते. अर्धी टाकी भरून केलेली चाचणी भिंतीबद्दल फार थोडे सांगते, ते यामुळेच.

नंतर सोयीसाठी नऊ इंची विटांची भिंत घालून एका टाकीचे दोन कप्पे करणे किती घातक आहे, तेही इथे कळते. फक्त पायथ्यावर उभ्या अशा भिंतीच्या दर मीटर लांबीला साडेचार टन-मीटर आघूर्ण येते आणि पाण्याच्या बाजूला चौरस मिलिमीटरमागे सुमारे ५ न्यूटन ताण पडतो. विटांच्या बांधकामाकडून याचा दहावा भागही खात्रीने धरता येत नाही. आरसीसी भिंतीत हा ताण सळ्या घेतात. मधल्या भिंतीत कुठलाही कप्पा रिकामा होऊ शकतो, म्हणून उभ्या सळ्या दोन्ही तोंडांना द्याव्या लागतात.

एकूण रेटा आणि दाबकेंद्र यांवरून भिंत पायथ्याशी उलथेल का, हे कळते. भिंतीच्या पोटात कुठे किती वाक येईल, हे त्यावरून कळत नाही. ४ मीटरची भिंत दोन्ही टोकांना बाजूच्या भिंतींत गुंतलेली असते. त्यामुळे वरच्या भागातला भार बराचसा आडवा जाऊन कोपऱ्यांत उतरतो आणि तिथे आडव्या सळ्या लागतात. यासाठी डिझायनर आयएस ३३७० मधले तक्ते काढतो. भिंत लांबलचक असेल तर मधल्या भागाला कोपऱ्यांची मदत पोचत नाही, आणि तिथे पायथ्याचा हिशेब सरळ त्रिकोणानेच करावा लागतो.