डब्यावरचं लेबल, फोनवरची काच

नवा स्टीलचा डबा घरी आला की त्यावरचं लेबल काढायची आमच्याकडे एक ठरलेली रीत आहे. डबा गॅसच्या मंद आचेवर क्षणभर धरायचा, लेबलाचा कोपरा नखाने उचलायचा आणि हळूहळू ओढायचं. लेबल अख्खं निघतं. थंड डब्यावर हेच केलं तर कागद फाटतो आणि गोंदाचा चिकट डाग महिनाभर छळतो.

आत्याच्या फोनवरची तडकलेली टेम्पर्ड ग्लास काढताना मला ही रीत आठवली. तिचा फोन ओट्यावरून पडला होता आणि उजव्या कोपऱ्यापासून काचेवर कोळ्याचं जाळं पसरलं होतं. त्यावर चिकटपट्टी लावून ती कित्येक महिने फोन वापरत होती. काच काढू या म्हटलं, तर म्हणाली, "अगं, ओढताना खालची स्क्रीनच निघून आली तर?"

तिची भीती अगदीच खोटी नव्हती. म्हणून आधी तडा नेमका कुठे आहे ते पाहिलं. टेम्पर्ड ग्लास बहुधा स्क्रीनपेक्षा किंचित लहान असते, त्यामुळे तिची कड दिसते. तडे त्या कडेपाशी थांबले असतील, तर बहुधा फक्त वरची काच गेलेली असते. कडेच्या पलीकडे स्क्रीनवरही रेघ गेली असेल, चित्रात काळे डाग किंवा उभ्या रेषा दिसत असतील, किंवा एखाद्या भागात स्पर्श कळत नसेल, तर खालची स्क्रीनही फुटली असण्याची शक्यता असते. तशा वेळी कडा उचलणं धोक्याचं, कारण वरच्या काचेबरोबर खालचे तुकडेही सुटतात. तो फोन दुरुस्तीवाल्याकडेच द्यावा. आत्याच्या फोनवर सगळे तडे कडेपाशी थांबले होते.

ही संरक्षक काच साधारण 0.33 मिलिमीटर जाड असते. तिच्या पाठीवर सिलिकॉनसारख्या चिकट पदार्थाचा पातळ थर असतो. हा थर पूर्ण घट्ट झालेला नसतो. तो थोडा रबरासारखा आणि थोडा घट्ट पाकासारखा वागतो. झटका दिला तर तो ताठरतो आणि काच धरून ठेवतो. सावकाश ओढलं तर ताणला जाऊन सुटतो. उबेनेही तेच होतं, थर सैल पडतो. म्हणजे ऊब आणि सबुरी या चिकट थरावर एकाच दिशेने काम करतात. थंड फोनवर घाईने ओढलं तर दोन्ही चुका एकदम होतात, आणि आधीच तडकलेली काच गोंद सुटण्याआधी मोडते.

पण डबा आणि फोन यांत फरक आहे. डब्यात बॅटरी नसते. शिवाय कित्येक फोनची स्क्रीनही चौकटीला गोंदानेच बसवलेली असते. दुरुस्तीची दुकानं ती उघडताना कडा सुमारे 80 अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. आपल्याला त्याच्या आसपासही जायचं नाही. म्हणून गॅस, लायटर, इस्त्री किंवा उकळतं पाणी यांचं इथे काही काम नाही. केस वाळवायचा ड्रायर सगळ्यात कमी उष्णतेवर ठेवून, वीतभर अंतरावरून, एका कोपऱ्यावर पंधरा-वीस सेकंद फिरवत राहायचा. एकाच जागी रोखायचा नाही. मग काचेवर बोटाची मागची बाजू टेकवून बघायची. दहा सेकंद सहज ठेवता आली तर ऊब बरोबर आहे. चटका बसला तर फोन थोडा निवू द्यायचा.

आम्ही फोन बंद केला, कव्हर काढलं आणि वर्तमानपत्र पसरून त्यावर ठेवला. दोघींनीही चष्मे लावले, कारण तडकलेल्या काचेचा सुईसारखा तुकडा कधी उडेल सांगता येत नाही. आत्याची जुनी चिकटपट्टी तशीच ठेवली आणि उरलेल्या काचेवर रुंद पट्टी दाबून चिकटवली. त्यामुळे तुकडे एकमेकांना धरून राहतात.

सुरुवात कुठून करायची हा प्रश्न महत्त्वाचा. फुटलेला कोपरा सोपा वाटतो, पण तिथे उचललं की चिमूटभर तुकडाच हातात येतो. आम्ही त्याच्या तिरप्या विरुद्ध टोकाचा, धड असलेला डावा खालचा कोपरा निवडला. तो ऊबदार झाल्यावर लाकडी टूथपिक जवळजवळ आडवी धरून कडेखाली सरकवली. काच केसभर उचलली गेली आणि तिथे एक चंदेरी डाग दिसला. काचेखाली हवा शिरल्याची ही खूण.

त्या फटीत आता कार्ड घालायचं. बहुतेक जण इथे जुनं एटीएम कार्ड घेतात आणि फसतात. ते 0.76 मिलिमीटर जाड असतं, म्हणजे काचेच्या दुपटीहून जास्त. ते आत शिरताना काच एकदम वर उचलली जाते आणि तड्याच्या रेषेवर कट्कन मोडते. आम्ही पत्त्यांच्या कॅटमधला एक पत्ता घेतला, प्लास्टिकचा लेप असलेला. तो पातळ असतो, वाकतो आणि स्क्रीनला ओरखडा पाडत नाही. चाकू, ब्लेड किंवा स्टीलची पट्टी मात्र कधीच नको.

पत्त्याने काच उचकटायची नसते. पत्ता स्क्रीनला सपाट टेकवून, करवतीसारखा किंचित डावी-उजवीकडे हलवत पुढे सरकवायचा. चंदेरी डाग त्याच्यापुढे पसरत जातो. तो थांबला की जोर लावायचा नाही. तेवढ्या भागाला पुन्हा पंधरा सेकंद ऊब द्यायची. आम्हाला असं चार वेळा थांबावं लागलं. खालची कड सुटल्यावर पत्ता आत तसाच ठेवला, म्हणजे काच परत चिकटत नाही. शेवटी फुटलेल्या कोपऱ्यापाशी दोन तुकडे मोडले, पण पट्टीला चिकटून तेही वर आले. सगळं मिळून दहा-बारा मिनिटं लागली.

प्रत्येक काच अशी निघत नाही. कडा वळलेल्या काही फोनांवर द्रव गोंद ओतून, अतिनील दिव्याखाली तो घट्ट करून काच बसवतात. तो गोंद हलक्या उबेला फारसा दाद देत नाही आणि कधी स्पीकरच्या जाळीतही शिरलेला असतो. दोन-तीनदा ऊब देऊनही चंदेरी डाग पुढे सरकत नसेल, तर हट्ट सोडावा.

काच निघाल्यावर स्क्रीनवर गोंदाचे ठिपके राहिले होते. त्यांवर चिकटपट्टी टेकवून उचलली की बरेचसे निघाले. उरलेले 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंचित ओलसर केलेल्या मऊ कापडाने पुसले. अल्कोहोल थेट फोनवर ओतायचं नाही. नेलपॉलिश काढायचं द्रावण तर लांबच ठेवावं; बोटांचे तेलकट ठसे बसू नयेत म्हणून स्क्रीनवर दिलेला लेप त्याने खराब होऊ शकतो.

काचेचे तुकडे वर्तमानपत्रात गुंडाळले, वरून पट्टी लावली आणि त्यावर मोठ्या अक्षरांत 'काच' लिहिलं, घंटागाडीवर कचरा वेगळा करणाऱ्याचा हात कापू नये म्हणून. जमिनीवरचा बारीक चुरा ओल्या कागदाने टिपला.

आत्याने फोन सुरू करून स्क्रीनवर अंगठा फिरवला. खाली एकही ओरखडा नव्हता. "एवढंच होतं होय," म्हणत तिने पत्ता उचलून पाहिला. तो बदामचा राजा होता आणि त्याची कड आता चांगलीच चुरगळली होती.