‘लाजाळू आहे’ यापलीकडचा शेरा

‘अबोल व लाजाळू आहे. वर्गात सहभाग कमी. आत्मविश्वास वाढवणे आवश्यक.’ ऑक्टोबरअखेर आणि पुन्हा मे महिन्यात, सत्र संपताना महाराष्ट्रातल्या हजारो प्रगतिपुस्तकांत थोड्याफार फरकाने हाच मजकूर उतरतो. राज्यात 2010 पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सुरू झाले आणि गुणांबरोबर वर्णनात्मक नोंदी लिहिणे शिक्षकांवर आले. विशेष प्रगती, आवड-छंद, सुधारणा आवश्यक, अशा रकान्यांत प्रत्येक मुलाविषयी दोन-दोन ओळी लिहायच्या. पन्नासेक मुलांचा वर्ग असला की तयार नोंदींच्या याद्या हाताशी येतात, आणि त्यांत सर्वांत जास्त अन्याय होतो तो न बोलणाऱ्या पण उत्तम लिहिणाऱ्या मुलावर.

चौथीतली अशी एक मुलगी समजू. परिसर अभ्यासाच्या स्वाध्यायात प्रश्न आहे: माठातले पाणी गार का राहते? बहुतेक मुलांनी ‘माठ मातीचा असतो म्हणून’ एवढ्यावर भागवले आहे. हिने लिहिले आहे, की माठाच्या बारीक छिद्रांतून पाणी बाहेर झिरपते, त्याची वाफ होते आणि ती वाफ होताना आतल्या पाण्याची उष्णता जाते. त्याखाली कोणी न विचारता आणखी एक वाक्य आहे: ‘पावसाळ्यात आमच्या माठातले पाणी एवढे गार होत नाही, कारण हवा आधीच ओली असते.’ हे शेवटचे वाक्य पाठ्यपुस्तकातून उतरवलेले नाही. कारण कळल्याशिवाय आणि घरचा माठ निरखल्याशिवाय ते सुचत नाही. तेच तिच्या आकलनाचा पुरावा आहे, आणि शेऱ्यात यायला हवे ते तेच.

वर सांगितलेल्या तयार शेऱ्यात मात्र त्याचा मागमूस नसतो. उलट न बोलणे हा स्वभावदोष म्हणून नोंदला जातो. घरी तो वाचला जातो, पाहुण्यांसमोर ‘बोल की गं, बाईंनी लिहिलंय बघ’ सुरू होते आणि मुलगी अधिकच मिटते. ‘आत्मविश्वास वाढवणे आवश्यक’ हे वाक्य तर कोणालाच काही सांगत नाही. वाढवायचा कोणी आणि कसा?

त्याऐवजी शिक्षिका असे लिहू शकतात: ‘माठातील पाणी गार होण्याचे कारण स्वतःच्या शब्दांत लिहिते व पावसाळ्यातील फरकही स्वतःहून जोडते. वर्गासमोर सहसा बोलत नाही, शेजारच्या मैत्रिणीला मात्र गणिताची रीत नीट समजावते. पुढील सत्रात लिहिलेले उत्तर आधी जोडीत, मग छोट्या गटात वाचून दाखवण्याची संधी देऊ.’ तिसऱ्या वाक्यात जबाबदारी शाळेने घेतली आहे, म्हणून ते महत्त्वाचे. दुसरे लिहायला सर्वांत अवघड. ‘बोलत नाही’ असे म्हणण्याआधी ती कुठे, कोणाशी बोलते हे पाहावे लागते, आणि ते मधल्या सुट्टीत किंवा गटकार्याच्या वेळीच दिसते. रकाना लहान असेल तर पहिले आणि तिसरे वाक्य ठेवावे. दुसरे पालकसभेत प्रत्यक्ष सांगता येते.

गुणांचा प्रश्न उरतोच. तोंडी कामाला गुण असतात आणि ते न बोलता देता येत नाहीत, हे खरे. पण तोंडी काम म्हणजे सगळ्या वर्गापुढे उभे राहणे नव्हे. टेबलाजवळ बोलावून तिचीच वही उघडून ‘हे तू का लिहिलंस?’ असे विचारले, तर तेही तोंडी कामच आहे. प्रश्न विचारून शिक्षकाने किती थांबावे, यावर मेरी बड रो या अमेरिकन अभ्यासक बाईंनी 1970च्या दशकात काम केले. शिक्षक साधारण एक सेकंद थांबून दुसऱ्याकडे वळतात, असे त्यांना आढळले. तीन सेकंद किंवा अधिक थांबल्यावर उत्तरे लांबली आणि एरवी गप्प असणारी मुलेही बोलू लागली.

प्रत्येक शांतता लाजेची नसते, हेही शेरा लिहिण्याआधी पाहायला हवे. घरी अहिराणी किंवा गोरमाटी बोलणारे मूल प्रमाण मराठीत बोलताना अडखळते, पण वेळ मिळाला की नीट लिहिते. हाक मारल्यावर वळत नसेल किंवा फळ्यावरचे करते आणि तोंडी सांगितलेले सुटते असे दिसले, तर कान तपासून घ्यावेत. घरी भरभरून बोलणारे मूल शाळेत मैत्रिणीशीही बोलत नसेल, आणि शाळेत रुळण्याचा पहिला महिना सोडून हे पुढे महिनाभराहून अधिक टिकले, तर ती निवडक मूकता असू शकते. तिथे बालमानसतज्ज्ञाकडे जाण्याविषयी पालकांशी समोरासमोर बोलावे. प्रगतिपुस्तकात अशा निदानाचा शब्द लिहू नये. तो ठरवण्याचा अधिकार शिक्षकाचा नाही आणि ते पुस्तक पुढे अनेक हातांतून जाते.

दुसऱ्या सत्राचा शेरा लिहिताना पहिला समोर ठेवला की काय लिहायचे ते सापडते: जोडीत वाचन झाले का, गटापर्यंत पोहोचले का, की जोडीतच थांबावे लागले. थांबावे लागले असेल तर तसेच लिहावे, आणि वहीतले नवे उत्तर त्याच्या आधी.