बजेटच्या शीटमधल्या सूत्राची चिठ्ठी

ऑफिसच्या बजेटची शीट नव्या माणसाच्या हाती जाते तेव्हा तिच्यातली सूत्रं तो चालवू शकतो, पण ती तशीच का लिहिली हे त्याला कळत नाही. ते सांगायला छोटी चिठ्ठी पुरते. समजा, B रकान्यात खर्चाचं नाव, C मध्ये तरतूद, D मध्ये झालेला खर्च आणि E मध्ये शेरा आहे. E5 मधलं सूत्र असं :

```
=IF(B5="","",IF(C5=0,"तरतूद नाही",IF(D5/C5>1,"जास्त",IF(D5/C5>=0.9,"सावध","ठीक"))))
```

एकात एक गुंतलेले चार IF पाहून माणूस बिचकतो. एक्सेल मात्र बाहेरून आत एकेक प्रश्न विचारत जातं आणि पहिलं ‘हो’ मिळालं की थांबतं. म्हणून चिठ्ठीत प्रश्नांचा क्रम आणि त्या क्रमाचं कारण, दोन्ही यायला हवं :

> ताई, शेऱ्याचं सूत्र चार प्रश्न विचारतं. खर्चाचं नाव कोरं आहे का? असेल तर शेराही कोरा. तरतूद शून्य आहे का? हे भागाकाराआधीच पाहावं लागतं, नाहीतर #DIV/0! येतं. खर्च तरतुदीपुढे गेला का? मग ‘जास्त’. ९० टक्के किंवा त्याहून अधिक झाला का? मग ‘सावध’. यांतलं काहीच नसेल तर ‘ठीक’. शेवटच्या दोन प्रश्नांची अदलाबदल करू नका. तपासायला तरतूद ५०,००० ठेवा आणि खर्च ४४,०००, ४५,०००, ५०,०००, ५२,००० असा बदलून पाहा. शेरे ठीक, सावध, सावध, जास्त असे यायला हवेत.

अदलाबदलीची ताकीद सगळ्यांत मोलाची आहे. ५२,००० भागिले ५०,००० म्हणजे १.०४. हा आकडा ०.९ पेक्षाही मोठाच. ‘सावध’चा प्रश्न आधी आला तर तो तिथेच अडकेल आणि ‘जास्त’ हा शेरा कधीच दिसणार नाही. एक्सेल चुकीची खूणही दाखवणार नाही, कारण त्याच्या लेखी सूत्र बरोबरच आहे. ही चूक उघडी पडते ती ५२,०००च्या चाचणीत.

चाचणीत ५०,००० हा आकडाही मुद्दाम घेतला आहे. तरतूद नेमकी संपली तर ‘सावध’ म्हणायचं, ‘जास्त’ नाही, हा हिशेब पाहणाऱ्यांचा निर्णय आहे. तो सूत्रात नुसत्या > या चिन्हात दडलेला असतो. कुणी तिथे >= केलं तर निर्णयच बदलतो.

कधी रिकाम्या दिसणाऱ्या ओळीत ‘तरतूद नाही’ असा शेरा येतो. तेव्हा B च्या चौकटीत नकळत एखादी स्पेस पडलेली असते. ती चौकट निवडून डिलीट केली की शेरा जातो.

चिठ्ठी त्याच फाइलमध्ये वेगळ्या शीटवर ठेवा आणि सूत्र बदललं की त्याच वेळी चिठ्ठीही बदला. जुनी राहिलेली चिठ्ठी पुढच्या माणसाची दिशाभूल करते.