वादाची नोटीस : हकीकत, अट आणि मागणी

आजचा विषय आहे बांधकाम करारातील वादाची नोटीस. लष्करी बांधकामांसाठी एमईएसचे जे छापील करारपत्र वापरतात, त्यातील सर्वसाधारण अटींच्या पुस्तिकेला आयएएफडब्ल्यू-2249 म्हणतात. त्याच अटी धरून एक कल्पित उदाहरण पाहू.

समजा, एका ठेकेदाराला दोन गोदामे बांधायची आहेत. काम 30 एप्रिल 2023 पर्यंत संपायचे आहे. दुसऱ्या गोदामाची जागा 1 जून 2022 रोजी मिळायला हवी होती, पण तिथली जुनी इमारत पाडायची राहिल्यामुळे ती 1 सप्टेंबरला, म्हणजे 92 दिवस उशिरा मिळाली. ठेकेदाराने लगेच गॅरिसन इंजिनिअरला लेखी कळवले. अट 11 खाली 31 जुलै 2023 पर्यंत मुदतवाढ मिळाली आणि काम 28 जुलैला पूर्ण झाले. तरीही सप्टेंबरच्या रनिंग बिलातून 1 मे ते 28 जुलै या काळाच्या विलंबापोटी अट 50 खाली 3,60,000 रुपये कापले गेले. कारण काय, तर लेखा तपासणीत मुदतवाढीवर शंका निघाली.

आता ठेकेदाराला नोटीस द्यायची आहे. बहुतेक जण इथे चार पानांची तक्रार लिहितात. कोणी कसे वागले, किती फेऱ्या माराव्या लागल्या, हे सगळे त्यात येते. त्याचा उपयोग नसतो. हकीकत तारखांच्या क्रमाने लिहावी आणि प्रत्येक तारखेपुढे तिचा कागद सांगावा : जागा ताब्यात दिल्याची नोंद, मुदतवाढीचे पत्र, काम पूर्ण झाल्याचा दाखला, कपात दाखवणारे बिल. ज्या वाक्यामागे कागद नाही ते वाक्य गाळावे.

दुसरा भाग अटींचा, आणि खरी फसगत इथेच होते. आपला ठेकेदार म्हणेल, तीन महिने माणसे आणि यंत्रे अडकून राहिली, त्याचाही खर्च द्या. पण अट 11(सी) सांगते की दिलेल्या मुदतवाढीमुळे कोणत्याही प्रकारच्या भरपाईचा दावा मान्य होणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने रामनाथ इंटरनॅशनलच्या खटल्यात ही अट तशीच लागू केली, विलंब सरकारमुळे झाला असला तरी. म्हणून नोटिशीचा सारा भर कपातीवर ठेवावा. मुदतवाढ मंजूर होती आणि काम त्या मुदतीत पूर्ण झाले, तेव्हा अट 50 लागूच होत नाही. हा मुद्दा सरळ आहे. त्याला कमकुवत मागणी जोडली की समोरच्याचे उत्तर त्या कमकुवत मागणीभोवतीच फिरते.

तिसरा भाग मागणीचा. ती अशी लिहावी : ‘कापलेले 3,60,000 रुपये परत द्यावेत, कपातीच्या तारखेपासून रक्कम मिळेपर्यंत व्याज द्यावे, आणि हे मान्य नसल्यास हा वाद अट 70 प्रमाणे लवादाकडे सोपवावा.’ शेवटचे वाक्य राहिले तर ते पत्र नुसती विनंती ठरू शकते. लवाद कायदा 1996 च्या कलम 21 प्रमाणे, दोन्ही पक्षांनी वेगळे ठरवले नसेल तर, वाद लवादाकडे सोपवण्याची विनंती समोरच्या पक्षाला मिळते त्या दिवशी कार्यवाही सुरू झाली असे धरतात, आणि मुदतीची मोजणी त्याच दिवसाशी बांधलेली असते. म्हणून पोचपावती जपून ठेवा.

अट 70 मध्ये आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. ज्या बाबतीत एखाद्या अधिकाऱ्याचा निर्णय करारानेच अंतिम ठरवला आहे, ती बाब लवादाकडे जात नाही. तसेच दोन्ही पक्षांची लेखी संमती नसेल, तर काम पूर्ण होण्याआधी किंवा करार संपुष्टात येण्याआधी वाद सोपवता येत नाही. या अटीत लवाद म्हणून इंजिनिअर अधिकारी नेमण्याची तरतूद आहे. परंतु 2015 च्या दुरुस्तीनंतर एका पक्षाचा सेवेतील कर्मचारी लवाद होऊ शकत नाही, अपवाद फक्त वाद उद्भवल्यावर दोघांनी स्पष्ट लेखी मान्यता दिली तर. आपली तशी मान्यता आहे की नाही, हे नोटिशीतच लिहावे.

एक धोका नोटिशीच्या बाहेरचा आहे. अट 65 प्रमाणे अंतिम बिल काम पूर्ण झाल्यापासून तीन महिन्यांत द्यायचे असते, आणि ते दिल्यानंतर नवा दावा करता येत नाही. तो सोडून दिला असे मानले जाते. आपल्या उदाहरणात ही मुदत 28 ऑक्टोबर 2023 ला संपते. कपात सप्टेंबरमध्येच झाली आहे, तेव्हा 3,60,000 रुपयांचा दावा अंतिम बिलात स्वतंत्र ओळ म्हणून आलाच पाहिजे. तिथे तो नसेल, तर नंतर कितीही चांगली नोटीस लिहिली तरी पहिले उत्तर अट 65 चे येईल.